‘२००० सायकल, ८० टक्के’ : वर्षानुवर्षं न थांबता बॅटरीवरचा आकडा ठरतो कसा?

रबाळे (नवी मुंबई) : गावात सोलर पथदिवे बसवायचे ठरले की ग्रामपंचायतीच्या टेबलावर दोन-तीन कोटेशन येतात. एकात लिहिलेलं असतं ‘बॅटरी १५०० सायकल’, दुसऱ्यात ‘२००० सायकल’, तिसऱ्यात ‘४००० सायकल, ८० टक्के क्षमतेपर्यंत’. पथदिव्याची बॅटरी दिवसाला एकदाच भरते आणि रात्री एकदाच उतरते. म्हणजे ४००० सायकल व्हायला जवळपास अकरा वर्षं लागतील. पण ते मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षंही झालेली नसतात. मग अकरा वर्षांचा हा आकडा कंपनीने आणला कुठून?

हा आकडा थाप असतोच असं नाही. त्यामागे एक ठरलेली चाचणी-पद्धत आहे. तिला प्रवेगित आयुर्मान चाचणी म्हणतात. सोप्या भाषेत, बॅटरीला थोड्या दिवसांत म्हातारी करून बघायची आणि त्यावरून पुढचा हिशेब मांडायचा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळ्याचा जो एमआयडीसी पट्टा आहे, तिथे विजेचा माल बनवणारे कारखाने आहेत, आणि वडोदऱ्याच्या ‘एर्डा’ या विद्युत संशोधन संस्थेची तपासणी प्रयोगशाळाही आहे. वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी पुण्याची ‘एआरएआय’ संस्था ओळखीची आहे. मालावरचा आकडा खरा मानायचा का, हे अशा प्रयोगशाळेच्या अहवालावरून कळतं. पण तो अहवाल वाचायचा कसा, हे खरेदी करणाऱ्याला माहीत हवं. ते इथे एका उदाहरणावरून समजून घेऊ.

आधी दोन शब्द : ‘सायकल’ आणि ‘८० टक्के’

एक सायकल म्हणजे बॅटरी एकदा उतरवणं आणि परत भरणं. किती उतरवली, त्याला खोली म्हणतात. कागदावर ती ‘डीओडी’ म्हणून लिहिलेली असते. पूर्ण रिकामी केली तर १०० टक्के खोली, पाव भाग वापरला तर २५ टक्के. बॅटरी जितकी कमी उतरवाल तितक्या जास्त सायकल ती देते. त्यामुळे खोली न लिहिता नुसती ‘४००० सायकल’ म्हणणं म्हणजे ट्रॉलीचा आकार न सांगता ‘दहा ट्रॉल्या ऊस’ म्हणण्यासारखं आहे.

आता ८० टक्के. बॅटरी एका दिवसात मरत नाही, हळूहळू तिचं पोट लहान होत जातं. नवी असताना ३० अँपिअर-तास मावत होते, ते पुढे २९, २८ असे कमी होत जातात. ते २४ वर आले की ८० टक्के उरले, आणि चाचणीच्या हिशेबात बॅटरीचं आयुष्य संपलं. प्रत्यक्षात ती त्या दिवशी बंद पडत नाही. दिवा लागतो, पण ढगाळ हवेत पहाटेपर्यंत टिकत नाही. काही कंपन्या ही रेघ ७० किंवा ६० टक्क्यांवर ओढतात आणि मग सायकलचा आकडा आपोआप मोठा दिसतो. दोन कोटेशनांची तुलना करताना रेघ एकाच ठिकाणी आहे ना, हे पहिल्यांदा बघा.

पहिली युक्ती : रात्रीची वाट न बघणे

समजा, आपल्या पथदिव्याची बॅटरी लिथियम फॉस्फेटची आहे, १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तास. लेबलवर २००० सायकल, खोली ८० टक्के, तापमान २५ अंश असं लिहिलंय. खांबावर रोज एक सायकल धरली तर २००० सायकलना साडेपाच वर्षं लागतील.

प्रयोगशाळेत मात्र सूर्य उगवायची वाट बघत नाहीत. बॅटरी एका बंद कपाटात ठेवतात. या कपाटाचं तापमान २५ अंशांवर धरून ठेवलेलं असतं. वायरी एका यंत्राला जोडतात. ते यंत्र ठरलेल्या करंटने बॅटरी भरतं, उतरवतं, आणि किती अँपिअर-तास आत गेले, किती बाहेर आले, याची नोंद संगणकावर करतं. बॅटरीला तापमापक चिकटवलेला असतो. हे काम रात्रंदिवस चालू राहतं.

हिशेब बघा. ८० टक्के खोली म्हणजे २४ अँपिअर-तास. १५ अँपिअरने उतरवलं तर १ तास ३६ मिनिटं लागतात. भरायला तेवढाच वेळ. मध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास विसावा, म्हणजे बॅटरी थंड होते. एक सायकल ४ तास १२ मिनिटांत झाली. दिवसाला साधारण पावणेसहा सायकल. २००० सायकल पूर्ण व्हायला ३५० दिवस. म्हणजे साडेपाच वर्षांचं काम एका वर्षाच्या आत.

करंट दुप्पट करून अजून घाई करता येते, पण तिथे मर्यादा आहे. जास्त करंटने बॅटरी आतून तापते आणि तापल्यामुळे होणारी झीज वेगळी असते. जास्त जोरात भरताना लिथियम इलेक्ट्रोडच्या आत न शिरता वर थर धरून बसू शकतं. ही झीज खांबावर कधी झालीच नसती. म्हणजे घाई इतकीच करायची की बॅटरी लवकर झिजावी, पण झिजण्याची तऱ्हा बदलू नये. प्रवेगित चाचणीचा हा मूळ नियम आहे आणि पुढच्या सगळ्या युक्त्यांनाही तोच लागू आहे.

सोलरच्या बॅटऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१४२७-१. भारतातही सोलर बॅटऱ्यांसाठी आयएस १६२७० हे मानक आहे. आयईसीच्या चाचणीत बॅटरी ४० अंशांवर ठेवतात आणि दोन टप्प्यांत फिरवतात. पहिल्या टप्प्यात बॅटरी जवळपास रिकामी करून ३ तास भरायची, ३ तास उतरवायची, असं ५० वेळा. हा आपला पावसाळा समजा. ऊन कमी, बॅटरी कायम उपाशी. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण भरून २ तास उतरवायची, ६ तास भरायची, असं १०० वेळा. हा उन्हाळा, बॅटरी कायम पोटभर. दोन्ही मिळून ११०० तास, म्हणजे ४६ दिवस. मग क्षमता मोजायची, ८० टक्क्यांच्या वर असेल तर परत तेच १५० चं चक्र. ८० च्या खाली गेली की थांबायचं.

शिसं-आम्लाच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी तो उपाशी टप्पा फार महत्त्वाचा आहे. अशी बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट साचतं आणि घट्ट होतं. चाचणीत प्रत्येक वेळी पूर्ण भरली तर हा आजार दिसतच नाही. पण एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. या चाचणीतली सायकल फक्त २५ ते ३० टक्के खोलीची असते. त्यामुळे यातल्या ६०० सायकल आणि दुसऱ्या कंपनीच्या ८० टक्के खोलीच्या ६०० सायकल शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शब्द एकच, माप वेगळं.

दुसरी युक्ती : पुढचा अंदाज बांधणे

एक वर्षसुद्धा कंपनीला लांब वाटतं. माल आत्ता विकायचाय. मग काय करतात, तर ५०० सायकल फिरवतात. आपल्या हिशेबाने ते जेमतेम तीन महिन्यांचं काम. समजा, ५०० सायकलनंतर क्षमता ३० वरून २८.५ झाली. म्हणजे ५ टक्के घट. आता कागदावर रेघ ओढायची आणि ती ८० टक्क्यांना कुठे टेकते ते बघायचं.

खरी गंमत इथेच आहे. सरळ रेघ ओढली तर ५०० ला ५ टक्के, म्हणून २० टक्क्यांना २०००. लेबलवर २००० छापलं. पण बॅटरीतली घट नेहमी सरळ रेघेत जात नाही. सुरुवातीला आत एका इलेक्ट्रोडवर पातळ पापुद्रा तयार होतो. तो जसजसा जाड होतो, तसतशी पुढची झीज मंदावते, कारण पापुद्राच आडवा येतो. अशी घट सायकलच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते. म्हणजे घट चौपट व्हायला सायकल सोळापट लागतात. ५ टक्क्यांना ५०० सायकल, तर २० टक्क्यांना ५०० गुणिले १६, म्हणजे ८०००.

मोजलेला आकडा तोच, बॅटरी तीच. रेघ सरळ ओढली तर २०००, वाकडी ओढली तर ८०००. कोटेशनमधल्या मोठ्या आकड्याचं कारण कधी कधी चांगली बॅटरी हे असतं, तर कधी नुसती निवडलेली रेघ.

मग खरी रेघ कोणती हे कळणार कसं? मधल्या मोजणीवरून. १२५ सायकलला सरळ रेघेप्रमाणे सव्वा टक्का घट दिसायला हवी, वाकड्या रेघेप्रमाणे अडीच टक्के. फरक सव्वा टक्क्याचा. ३० अँपिअर-तासांत तो अर्धा अँपिअर-तासही भरत नाही. यंत्राचा काटा एक टक्क्याने इकडे-तिकडे होत असेल, किंवा कपाटाचं तापमान दोन-चार अंशांनी हलत असेल, तर हा फरक त्यातच बुडून जातो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा दर ५० किंवा १०० सायकलनंतर एक सावकाश सायकल घेतात, तीही ठरलेल्या तापमानाला, आणि तिचीच क्षमता खरी धरतात. अशा मधल्या मोजण्या अहवालात नसतील, फक्त सुरुवातीची आणि शेवटची असेल, तर त्या अंदाजावर फार भार टाकू नये.

रेघेत आणखी एक धोका आहे, गुडघ्याचा. काही बॅटऱ्या हजार-बाराशे सायकलपर्यंत सावकाश उतरतात आणि मग एकदम कोसळतात. आलेखात तिथे गुडघ्यासारखा वाक दिसतो. आतलं द्रावण संपत आलं, किंवा लिथियमचा थर साचू लागला, की असं होतं. ५०० सायकलवर चाचणी थांबवली तर गुडघा पुढे आहे की नाही हे नुसत्या क्षमतेवरून दिसत नाही.

यावर परदेशात चांगलं काम झालंय. २०१९ मध्ये एमआयटी, स्टॅनफर्ड आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी लिथियम फॉस्फेटच्या १२४ सेलवरचा अभ्यास ‘नेचर एनर्जी’मध्ये छापला. हे सेल वेगवेगळ्या प्रकारे जलद भरून ८० टक्क्यांपर्यंत नेले होते. कुणी १५० सायकलमध्ये संपला, कुणी २३०० पर्यंत गेला. पहिल्या १०० सायकलमध्ये बहुतेकांची क्षमता घटलेली दिसतही नव्हती. पण उतरताना व्होल्टेज कसं खाली येतं, त्या रेघेत दहाव्या आणि शंभराव्या सायकलमध्ये जो बारीक फरक पडतो, त्यावरून त्यांनी सेलचं आयुष्य सरासरी ९.१ टक्क्यांच्या चुकीने सांगितलं. म्हणजे लवकर अंदाज बांधणं अशक्य नाही. मात्र तो अंदाज त्याच जातीच्या सेलपुरता आणि ३० अंशांच्या कपाटापुरता होता. दुसऱ्या बनावटीच्या सेलला तोच हिशेब लावता येत नाही.

तिसरी युक्ती : उष्णता

बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. कपाटात पूर्ण भरून ठेवली तरी आतली रासायनिक क्रिया चालूच असते. याला कालमान झीज म्हणू. वरच्या चाचणीत २००० सायकल ३५० दिवसांत झाल्या, पण बॅटरीचं वय फक्त एक वर्षाने वाढलं. खांबावर त्याच २००० सायकलना वय साडेपाच वर्षांनी वाढणार. मधल्या साडेचार वर्षांची झीज सायकलच्या चाचणीत आलीच नाही. लेबलवरचा आकडा आणि गावातला अनुभव यांत जी दरी दिसते, तिचं मोठं कारण हे आहे.

ही झीज लवकर बघायची तर उष्णता द्यावी लागते. स्वांते आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं मांडलं. त्याचा ढोबळ व्यवहारी नियम असा की दर १० अंशांना वेग दुप्पट होतो. आंबवलेलं पीठ थंडीत सकाळपर्यंत फुगत नाही आणि मे महिन्यात संध्याकाळीच उतू जातं, तसंच काहीसं.

चाचणी अशी करतात. एकाच बॅचचे सेल तीन कपाटांत ठेवायचे, ३५, ४५ आणि ५५ अंशांना, पूर्ण भरून. महिन्या-महिन्याला बाहेर काढून क्षमता मोजायची. समजा, १० टक्के घट व्हायला ५५ अंशांना ४ महिने लागले, ४५ ला ८ महिने आणि ३५ ला १६ महिने. दर पायरीला दुप्पट. मग २५ अंशांना ३२ महिने लागतील असं म्हणता येतं. २५ चं कपाट ३२ महिने अडवून ठेवायची गरज पडली नाही.

पण तीन कपाटं का, एक का नाही? कारण नियम लागू पडतोय का, हे तीन बिंदूंशिवाय कळत नाही. समजा ३५ ला १६ महिने, ४५ ला ८ महिने, पण ५५ ला दीडच महिना लागला. मग ५५ अंशांना आत काहीतरी वेगळंच घडतंय, द्रावणच फुटायला लागलंय असं समजायचं. तो बिंदू हिशेबातून काढून टाकावा लागतो. फक्त एका गरम कपाटावरून ‘दर १० अंशांना दुप्पट’ लावून काढलेला आकडा हा मोजलेला आकडा नव्हे, नुसता पाढा आहे.

आता तोच नियम उलटा लावून बघा. लेबलवर २५ अंश लिहिलंय. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते, आणि खांबावर पॅनेलखालच्या लोखंडी डब्यात त्याहून जास्त. वर्षभराची सरासरी ३५ धरली तरी कालमान झीज दुप्पट वेगाने होणार. बॅटरी जमिनीजवळ सावलीत असेल, डब्याला हवा खेळायला जागा असेल, तर तीच बॅटरी जास्त वर्षं जाते. आकडा बॅटरीचा असला तरी आयुष्य डब्यावर ठरतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पथदिव्याची बॅटरी दोन-तीन ढगाळ दिवस निघावेत म्हणून मुद्दाम मोठी घेतलेली असते. त्यामुळे चांगल्या उन्हात ती रोज ८० टक्के उतरत नाही, कमीच उतरते. सायकलच्या बाजूने ती लेबलपेक्षा जास्त टिकायला हवी. म्हणजे अशा दिव्यात बॅटरी बहुतेक वेळा सायकल संपल्या म्हणून जात नाही; उष्णतेने, वयाने, नाहीतर जोडणीतल्या दोषाने जाते. म्हणून २००० आणि ४००० मधला फरक वाटतो तितका मोठा नाही. खरा प्रश्न ‘किती वर्षं’ हा आहे.

सेल वेगळा, बॅटरी वेगळी

१२.८ व्होल्टच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. आकडा अनेकदा एका सेलच्या चाचणीतला असतो. तो सेल थंड कपाटात एकटा, दोन पाट्यांमध्ये नीट दाबून धरलेला असतो. पॅकमध्ये चौघे डब्यात कोंडलेले. चारपैकी जो कमजोर, तो आधी रिकामा होतो आणि आतलं संरक्षण सर्किट पूर्ण बॅटरीच बंद करतं. तिघांत जीव असूनही दिवा विझतो. म्हणून अहवाल कशाचा आहे हे बघायचं, सेलचा की तुम्ही विकत घेताय त्या पूर्ण बॅटरीचा.

कोटेशन मंजूर करण्याआधी काय विचारायचं

सरपंच, ग्रामसेवक किंवा घरासाठी घेणारे, सगळ्यांनी विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्याव्यात.

१. सायकलचा आकडा किती खोलीला, किती तापमानाला, किती करंटने आणि कुठल्या टक्क्याला संपवून दिलाय? चारपैकी एक जरी नसेल तर तो आकडा दुसऱ्या कोटेशनशी लावून बघता येत नाही.

२. प्रत्यक्षात किती सायकल फिरवल्या? ‘२००० पैकी ५०० मोजल्या, पुढचा अंदाज’ असं असेल तर तसं स्पष्ट लिहून द्यावं. अंदाज असणं गैर नाही, लपवणं गैर.

३. अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा? तिला एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का? मान्यता प्रत्येक चाचणीपुरती वेगळी असते. वायर तपासायची मान्यता बॅटरीला चालत नाही. अहवालावरचं मॉडेल आणि डब्यावरचं मॉडेल एकच आहे ना, तेही बघा. सुरक्षेची चाचणी आणि आयुष्याची चाचणी या वेगळ्या आहेत. पहिलीचा कागद दुसरीसाठी पुढे केला जातो.

४. वॉरंटी सायकलमध्ये नको, वर्षांत हवी, आणि क्षमतेसह हवी. ‘पाच वर्षांत क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देऊ’ हे वाक्य हवं. नुसतं ‘पाच वर्षं वॉरंटी’ असेल तर दिवा तासभर जरी लागला तरी ‘बॅटरी चालू आहे’ असं उत्तर मिळू शकतं.

पहिल्याच दिवशी क्षमता मोजून ठेवा

८० टक्के उरले की नाही हे ठरवायला १०० टक्के किती होते ते माहीत हवं. म्हणून बॅटरी नवी असतानाच मोजावी. लिथियम बॅटरी पूर्ण भरून घ्या. तिच्या बाहेरच्या वायरींना १२ व्होल्टवर चालणारा, वॅट माहीत असलेला एखादा दिवा किंवा पंखा लावा आणि बॅटरी स्वतःहून बंद होईपर्यंत किती वेळ चालतो ते घड्याळात बघा. ३० अँपिअर-तास गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे ३८४ वॅट-तास. ३६ वॅटचा भार लावला तर साधारण साडेदहा तास निघायला हवेत. दिव्यावर छापलेले वॅट आणि खरे वॅट यांत थोडा फरक असतो, म्हणून भार तोच जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी तोच लावा. मग वॅट चुकले तरी तुलना चुकत नाही. मोजणी सावलीत, साधारण त्याच महिन्यात करा. थंडीत क्षमता थोडी कमीच दिसते.

पहिल्या वर्षी साडेदहा तास आणि तिसऱ्या वर्षी साडेआठच्या खाली, तर बॅटरी ८० टक्क्यांची रेघ ओलांडून गेली. तारीख, तास, भार आणि बॅटरीचा नंबर वहीत लिहून त्यावर विक्रेत्याच्या माणसाची सही घ्या. नंतर वाद झाला तर ती वही कामाला येते. दहा दिव्यांपैकी दोन-तीन बॅटऱ्या मोजल्या तरी चालतं.

दोन सूचना. बॅटरीचा डबा उघडून आतल्या सेलना वायर लावू नका. लिथियम सेलचं शॉर्टसर्किट झालं तर आग लागते. आणि ही पूर्ण उतरवण्याची मोजणी इन्व्हर्टरच्या शिसं-आम्ल बॅटरीवर करू नका. तिला पूर्ण रिकामी करणं हीच तिची मोठी झीज आहे. तिची क्षमता मोजायची तर डीलरकडच्या यंत्रावर मोजून घ्यावी आणि लगेच पूर्ण भरावी.